नमुना पोचल्याची तारीख

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि दप्तरांच्या त्या कारखान्यात बावीस शिलाई मशिनी चिडीचूप बसल्या होत्या. एरवी त्या वेळेला असा गडगडाट असायचा की माणसाला स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येऊ नये. आज कोपऱ्यातला पंखा कुरकुरतोय तेही ऐकू येत होतं. मशिनींमागे कापडाचे गठ्ठे छातीइतके उंच रचले होते. खिसे शिवून झालेले, पट्टे तयार, बक्कल लावलेले, सगळं जागच्या जागी. नव्हती ती फक्त चेन. आणि चेन बसल्याशिवाय दप्तराचा पुढचा भाग मागच्या भागाला जोडता येत नाही, त्यामुळे सहा हजार दप्तरं अर्धीमुर्धी होऊन भिंतीला टेकून बसली होती.

शिवणाऱ्या बायकाही तशाच बसल्या होत्या.

"आज काय, मौनव्रत का?" कात्रीमावशी म्हणाली. ती कापड कापायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार आहे असं ती स्वतःच सांगत फिरायची. "खरेदीताई, तुमच्या त्या चेनवाल्यांना सांगा, शाळा उघडायला तेवीस दिवस राहिलेत. पोरं काय वह्या डोक्यावर घेऊन जाणार?"

खरेदीताईने मान हलवली. तिला नाव होतं, पण ते पगाराच्या कागदावर. कारखान्यात जे काही बाहेरून यायचं, कापड, दोरा, बक्कल, चेन, ते सगळं तिच्या हातून यायचं, म्हणून ती खरेदीताई. पंधरा वर्षं झाली या नावाला. वय छत्तीस, आवाज बारीक, अक्षर छापल्यासारखं. गेले दोन महिने मात्र तिच्याशी बोलताना सगळ्यांना वाटायचं की आपण काचेपलीकडच्या माणसाशी बोलतोय. ऐकू जातं, उत्तर येतं, पण हात लावला तर काच लागेल.

दीड-पावणेदोन महिन्यांपूर्वी तिचे वडील वारले होते. नऊ दिवस रजेवर होती. दहाव्या दिवशी कामावर आली, खुर्चीवर बसली, आणि पहिलाच फोन उचलून म्हणाली, "हां बोला, दोऱ्याचं काय झालं?" बायका एकमेकींकडे बघतच राहिल्या. रडली नाही, चिडली नाही, एकही दिवस उशिरा आली नाही. घट्ट आहे हो पोरगी, असं सगळ्या म्हणाल्या. ती घट्टबिट्ट काही नव्हती. तिला काही लागतच नव्हतं. परवा गरम चहा सांडला पायावर, तेव्हाही तिने आधी चादरीसारखी घडी घालून फडकं ठेवलं आणि मग लक्षात आलं की भाजलंय.

आतल्या केबिनमधून मालकीणबाईंची हाक आली. मालकीणबाई म्हणजे उंच आवाजाची, सरळ मनाची आणि घाईची बाई.

"बस. किती दिवस झाले?"

"मुदत तीन तारखेला संपली. आज बावीस. एकोणीस दिवस."

"दोनदा आठवण दिलीस ना?"

"लेखी. दोन्ही वेळा उत्तर आलं, दोन दिवसांत देतो."

"त्यांचे दोन दिवस म्हणजे रबर आहे." मालकीणबाईंनी चष्मा टेबलावर टाकला. "हे बघ, शाळेशी बोलले मी. निळी चेन नाही तर नाही, काळी चालेल म्हणतायत. काळी तयार मिळते त्या दुसऱ्या दुकानात, चार दिवसांत येईल. पण जुनी ऑर्डर उभी ठेवून नवी दिली आणि उद्या दोन्हीकडचा माल दारात आला, तर त्या चेनांची आपण काय माळ घालणार? आजच रद्द कर. रीतसर. कलम लिही. आणि..." त्या थांबल्या. "गोड लिही. म्हातारा माणूस आहे."

"आणि यादीचं?"

मालकीणबाईंनी खिडकीकडे बघितलं. "कलमात आहे ना? मग आहे."

खरेदीताई उठली. कलम तिला पाठ होतं. असायलाच हवं, तिनेच लिहिलं होतं. कलम नऊ: मंजूर नमुना पुरवठादाराला पोचल्यापासून तीस दिवसांत सगळा माल कारखान्यात पोचवायचा. मुदत टळून सात दिवस उलटले तर खरेदीदार लेखी कळवून न आलेल्या मालाची ऑर्डर रद्द करू शकेल. आणि उशीर पंधरा दिवसांच्या वर गेला तर पुरवठादाराचं नाव एक वर्ष मान्य यादीतून बाहेर.

यादी म्हणजे एक साधा कागद, मालकीणबाईंच्या केबिनबाहेर चिकटवलेला. पण त्या कागदावरून शेजारचे दोन कारखानेही माल घ्यायचे. इथे नाव असलं की तिथे कोणी जास्त विचारत नसे. आणि इथलं नाव गेलं की तिथेही दार बंद. चेनवाल्या काकांकडे चार माणसं कामाला होती आणि तीनच गिऱ्हाइकं. हे तीन कारखानेच.

आणि गंमत बघा, कलम नऊ लिहिताना काका समोरच बसले होते. पंधरा वर्षांपूर्वी ती नवी होती. चेनीला 'झिप' म्हणायची आणि रनर म्हणजे धावणारा माणूस समजायची. काकांनी खिशातून चेनीचा तुकडा काढून तिच्यासमोर वरखाली केला होता. "हे दाते, ही पट्टी, हा रनर. दात्यात एक जरी वाकडा असला ना पोरी, तर रनर तिथे जाऊन अडतो, मग कितीही ओढ." मग तिचा ऑर्डरचा कागद वाचून ते खदखदा हसले होते. "यात दिवसच नाहीत की! 'लवकरात लवकर' म्हणजे काय? माझं लवकर वेगळं, तुझं लवकर वेगळं. दिवस लिही. नमुना हातात पडला की मोजायला लाग. आणि चुकलो तर काय, तेही लिही. नाहीतर तुला कुणीही गुंडाळेल. मी धरून." तिने लिहिलं होतं. त्यांनी सही केली होती. पंधरा वर्षांत हे कलम एकदाही बाहेर काढावं लागलं नव्हतं.

आज लागलं. तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि बोटं आपोआप चालू लागली.

"सप्रेम नमस्कार. आपण इतकी वर्षं दिलेल्या उत्तम सेवेबद्दल आम्ही आभारी आहोत. आपल्याला दिलेल्या सहा हजार निळ्या चेनांच्या ऑर्डरीचा मंजूर नमुना गेल्या महिन्याच्या तीन तारखेला दिला होता. करारातील कलम नऊनुसार माल तीस दिवसांत, म्हणजे चालू महिन्याच्या तीन तारखेपर्यंत येणे अपेक्षित होते. आज एकोणीस दिवस उलटूनही माल आलेला नाही. त्यामुळे त्याच कलमान्वये सदर ऑर्डर आम्ही खेदपूर्वक रद्द करत आहोत. कृपया यापुढे या ऑर्डरीचा माल पाठवू नये. उशीर पंधरा दिवसांहून अधिक असल्याने आपले नाव एका वर्षासाठी यादीतून वगळण्यात येत आहे. आपल्या अडचणींची आम्हाला जाणीव आहे. पोच द्यावी ही विनंती. कळावे."

वाचून बघितलं. कुठे अडखळलं नाही. कात्रीमावशी खांद्यावरून डोकावली.

"अगं बाई! एवढं लोण्यासारखं लिहिलंय, माणूस आधी थॅंक्यू म्हणेल आणि घरी गेल्यावर कळेल की आपली मान कापली."

"कलम आहे, मावशी."

"कलम आहे गं. मी कुठे नाही म्हणते?" मावशी जरा थांबली. "तुला काही वाटत नाही का?"

खरेदीताईने खरंच विचार केला. स्वतःच्या आत डोकावून बघितलं, जसं रिकाम्या डब्यात बघतात. "नाही," ती म्हणाली. आणि कागद छापून कारखान्याच्या टेम्पोवाल्याच्या हातात दिला.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गजर वाजला. बाबांच्या फोनचा. तो फोन कपाटात होता, चादरींच्या मध्ये. फोन उघडायचा आकडा फक्त बाबांना माहीत होता, त्यामुळे रोजचा गजर कायमचा काढून टाकायची सोय नव्हती. वाजायचा तेवढा वाजायचा आणि थकून गप्प व्हायचा. त्याची बॅटरी कधीच संपली असती. पण आई रोज संध्याकाळी तो चार्जिंगला लावायची.

"आई, कशाला लावतेस?"

"असू दे."

"रोज झोपमोड होते."

"तुझी होते का?"

तिची होत नव्हती. ती साडेपाचला जागीच असायची, छताकडे बघत. गजर वाजायचा, संपायचा, मग ती उठून चहा टाकायची. दोन कप. पहिले काही दिवस तीन टाकायची, मग एके दिवशी हातानेच दोन टाकले. आईच्या ते लक्षात आलं होतं.

कारखान्यात पोचली तेव्हा टेम्पोवाला तिच्या टेबलापाशी उभाच होता. हातात एक जाड पाकीट. "चेनवाल्या काकांनी दिलंय. पोच आहे म्हणाले आत. आणि चहा पाजला. दोनदा!"

पाकिटात दोन गोष्टी होत्या. एक पत्र, शाईच्या पेनाने लिहिलेलं, ओळी सरळ.

"पत्र मिळाले. कलम नऊ मान्य आहे. ऑर्डर रद्द केल्याबद्दल तक्रार नाही, तुमचे कामही थांबलेले आहे हे समजते. यादीतून नाव वगळण्यासही हरकत नाही. रीतीप्रमाणे मंजूर नमुना परत पाठवत आहे. लोभ असावा."

आणि दुसरं, तो नमुना. नमुना म्हणजे तळहाताएवढं जाड पुठ्ठ्याचं कार्ड, त्याला निळ्या चेनीचा वीतभर तुकडा पिनांनी टोचलेला. खाली तिची सही आणि तारीख: तीन. अशी दोन कार्डं व्हायची, एक तिच्याकडे राहायचं, एक पुरवठादाराकडे जायचं, म्हणजे माल आला की दोन्ही रंग शेजारी धरून बघता यायचे. ऑर्डर संपली किंवा मोडली की त्यांच्याकडचं कार्ड परत यायचं.

फायलीत टाकण्यासाठी तिने कार्डाला भोक पाडायचं यंत्र लावलं. भोक कुठे पाडायचं ते बघायला कार्ड उलटं केलं. मागे काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ते नेहमी लिहायचे तसं, बारीक आणि कोपऱ्यात:

"नमुना मिळाला. बारा तारीख."

तिने यंत्र खाली ठेवलं.

तीन. बारा. पुढे तीन, मागे बारा.

मग ड्रॉवरकडे बघितलं. टेबलाचा उजवा, वरचा, कुलपाचा. चावी तिच्या पर्समध्ये असायची, दुसरी चावी कोणाकडेच नव्हती. आणि तिला दिसलं, अगदी समोर ठेवल्यासारखं दिसलं. तीन तारीख, दुपारचे दोन. दोन्ही कार्डांवर सही केली. टेम्पो तीनला निघणार होता. तोवर ड्रॉवरमध्ये ठेवली, कुलूप लावलं, कारण मावशीचं वंगणाचं बोट लागलं तर रंग डागाळतो. आणि मग फोन वाजला. आईचा. आई फोनवर काही बोललीच नव्हती, नुसती श्वास घेत होती. ती पर्स उचलून निघाली. चावी पर्समध्ये. कार्डं ड्रॉवरमध्ये.

नऊ दिवस.

बारा तारखेला परत आली तेव्हा ड्रॉवर उघडून टेम्पोवाल्याला कार्ड दिलंच असणार. ते मात्र तिला आठवेना. त्या दिवसातलं काहीच आठवेना. पंधरा वर्षांत सहीची तारीख आणि पोचल्याची तारीख कधी वेगळी झालीच नव्हती. कार्डावर सही झाली की ते तासाभरात टेम्पोत जायचं. म्हणून ती नेहमी पुढचीच तारीख धरून मोजायची. कलमात "पोचल्यापासून" लिहिलं होतं. तिनेच लिहिलं होतं. आणि तीच विसरली होती.

तिने बोटांवर मोजलं, मग कागदावर, मग पुन्हा बोटांवर. बारापासून तीस दिवस म्हणजे चालू महिन्याची बारा. पत्र गेलं बावीसला. एकोणीस नाही, दहा दिवस उशीर. दहा म्हणजे सातच्या वर. ऑर्डर रद्द होते, ते ठीकच. पण दहा म्हणजे पंधराच्या आत. यादीतून नाव काढता येत नाही.

"ताई," टेम्पोवाला म्हणाला, "बरं वाटत नाही का?"

"तिकडे कधी चाललात परत?"

"आत्ताच. त्या रस्त्यानेच."

"मी येते."

*

काकांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पत्र्याचं छत, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या. दोऱ्यांवर निळ्या पट्ट्या वाळत घातलेल्या. एक लॉट फिका, दुसरा जांभळट, तिसरा बरा होता, पण जागोजागी ढगाळ. दाते बसवायचं मशीन उघडं पडलं होतं, झाकण बाजूला. चार माणसं सुट्या रनरांची पोती भरत होती, हळूहळू, काम पुरवून पुरवून करावं तशी.

काका स्टुलावर बसले होते. तिला बघून उठले. "अरे! खरेदीबाई स्वतः! काय, यादीवरून खोडलं ते दाखवायला आलीस?"

विनोद होता. तिने नेहमीसारखं हसायला हवं होतं. तिने कार्ड पुढे केलं, मागची बाजू वर करून.

"काका, हे बारा तारखेला मिळालं तुम्हाला."

"हो."

"मी तीनपासून मोजलं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी दुसरं स्टूल ओढलं, फुंकर मारून धूळ उडवली. "बस आधी."

"दोनदा आठवण दिली मी. दोन्ही वेळा चुकीची तारीख लिहिली. तुम्ही एकदाही बोलला नाहीत. कालचं पत्र गेलं, त्यावर 'हरकत नाही' लिहिलंत! हरकत का नाही? चार माणसं आहेत तुमची!"

तिचा आवाज चढला होता. पोती भरणाऱ्यांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या.

"चार तारखेला फोन केला होता मी तुमच्याकडे," काका म्हणाले. "कार्ड का आलं नाही विचारायला. त्या कात्रीवाल्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, ताई नाहीयेत, ताईंचे वडील गेले." त्यांनी रनर उचलला, बोटात फिरवला. "मग मी फोन ठेवला. कार्ड आलं बाराला, ठीक आहे. आणि मग तुझी आठवणीची चिठ्ठी आली, तीन तारीख लिहिलेली. आता मी काय उत्तर देऊ? बाई, तुमचा नमुना नऊ दिवस उशिरा आला? का उशिरा आला ते तुलाही माहीत, मलाही माहीत. ते कागदावर लिहायचं? तुझ्या बापाचं जाणं माझ्या सोयीसाठी वापरायचं?"

ती स्टुलावर बसली.

"आणि खरं सांगू का," त्यांनी वर वाळणाऱ्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं, "नऊ दिवस दिले असतेस तरी माझी नाव बुडालेलीच होती. बघ ना. तीनदा रंगवलं. एकदा फिका, एकदा वांगं, एकदा ढग. त्यात मशीन बसलं. रद्द केलंस ते बरोबरच केलंस. मी असतो तर दोन दिवस आधीच केलं असतं."

"रद्द बरोबर आहे," ती म्हणाली. "यादी चूक आहे."

"वर्षभराचा तर प्रश्न आहे."

"वर्षभर हे चौघं काय करतील?"

काका रनर एका सुट्या पट्टीवर चढवत होते, आणि तो चढत नव्हता. हे तिने आधी कधी बघितलं नव्हतं. किंवा बघितलं असेल, काचेतून.

"काका, दिवस लिही म्हणालात तुम्ही. चुकलो तर काय, तेही लिही म्हणालात. मग मी चुकले तर काय, ते कुठे लिहायचं?"

"ते कलम राहिलंच की आपलं," काका म्हणाले. या वेळी दोघंही हसले नाहीत.

*

मालकीणबाईंनी कार्ड तीनदा उलटसुलट केलं.

"म्हणजे आपणच नऊ दिवस बसून राहिलो."

"मी. आपण नाही. ड्रॉवर माझा, चावी माझी."

"हे आता पत्रात लिहायचं? आपली चूक स्वतःच्या हाताने लिहून द्यायची? उद्या त्याने ते घेऊन भांडण काढलं तर गळ्यात धोंड."

"ते भांडणार असते तर इतके दिवस गप्प बसले नसते. आणि ऑर्डर खऱ्या तारखेनेही रद्दच होते. दहा दिवस झालेत, सात लागतात. ते आपलं पक्कं आहे. उलट चुकीच्या तारखेचं पत्र फायलीत राहिलं आणि कोणी कार्ड उलटून बघितलं, तर ती धोंड मोठी."

मालकीणबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. दोन महिन्यांत ही मुलगी एका दमात एवढं बोलली नव्हती.

"म्हाताऱ्याचं नाव राहू दे, माझी ना नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "नवं पत्र कर. कालचं मागे घेतलं म्हणून लिही, तारखा सुधार, रद्द कायम, यादीचं वाक्य काढ. आणि कारणबिरण घोळत बसू नकोस. 'कार्यालयीन अडचणीमुळे' लिही. झालं."

ती टेबलाशी आली. कालचं पत्र उघडलं.

"दिनांक बावीसचे आमचे पत्र मागे घेत असून त्याऐवजी हे पत्र देत आहोत. मंजूर नमुन्यावर गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सही झाली असली तरी तो आपल्याला दिनांक बारा रोजी पोचला, अशी आपली पोच आहे. कलम नऊनुसार मुदत पोचल्याच्या तारखेपासून मोजायची असल्याने ती चालू महिन्याच्या बारा तारखेला संपली. दिनांक बावीस रोजी उशीर दहा दिवसांचा, म्हणजे सात दिवसांहून अधिक होता. त्यामुळे ऑर्डर त्या दिवसापासून रद्दच राहील, कृपया माल पाठवू नये. उशीर पंधरा दिवसांच्या आत असल्याने आपले नाव यादीत कायम आहे. झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत. नमुना पाठवण्यास नऊ दिवसांचा उशीर आमच्याकडून,"

इथे बोटं थांबली.

पुढे तिने लिहिलं, "कार्यालयीन अडचणीमुळे झाला."

वाचलं. कार्यालयीन अडचण. कार्यालयात काय अडचण होती? वीज गेली होती? प्रिंटर बिघडला होता? तिने ते दोन शब्द खोडले. पडद्यावरची रेघ पुन्हा लुकलुकायला लागली, त्याच जागी, एकसारखी. शेजारी मावशी कात्रीला तेल देत होती, कच-कच, कच-कच. दोन महिन्यांत तिने हे वाक्य कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं. आई फोनवर श्वास घेत होती तेव्हाही तिला न सांगताच कळलं होतं. रजेचा अर्जसुद्धा मावशीनेच भरून ठेवला होता.

तिने लिहिलं, "माझे वडील तीन तारखेला वारले, त्यामुळे झाला."

बस्स. सात शब्द. दिसायला अगदी साधं वाक्य. हात मात्र मनगटापर्यंत गार पडले. ते तिने मांडीखाली घेतले आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली, थंडीत बसतात तशी. काही फुटलं नाही, काही वाहिलं नाही. फक्त गार लागत होतं, आणि लागतंय हे कळत होतं.

पत्राखाली तिची सही होती; त्याखाली मंजुरीची सही करायला मालकीणबाई पेन काढून वाचत होत्या. शेवटच्या ओळीशी थांबल्या. "अगं, हे असं... मालाच्या पत्रात?"

"तारीख जुळते, बाई," ती म्हणाली. "म्हणून लिहिलंय."

मालकीणबाईंनी सही केली.

टेम्पो तीनला निघणार होता. दुपारी दोनच्या सुमाराला दुसऱ्या दुकानातून काळ्या चेनीचा नमुना आला. तिने दोन कार्डं केली, तुकडे टोचले, दोन्हींवर सही आणि तारीख टाकली. एक फायलीत लावलं. दुसरं हातात घेतलं, डाव्या हाताने सवयीने ड्रॉवर ओढला, बघितला, आणि तसाच आत ढकलला. मग एका हातात काळं कार्ड, दुसऱ्या हातात काकांचं पत्र घेऊन ती स्वतःच फाटकाशी जाऊन उभी राहिली. तीन वाजायला अजून पाऊण तास होता.

"आत बस की गं!" मावशी खिडकीतून ओरडली. "टेम्पो काय तुला सोडून पळतोय?"

"राहू दे. इथेच बरं."

टेम्पोवाला आला तेव्हा तिने दोन्ही गोष्टी त्याच्या हातात दिल्या, एक एक करून.

"दोन्हीकडून पोच आणा," ती म्हणाली. "मागे तारीख घालून घ्या. आजची."